‘थक्क व्हाल’ की ‘पाण्याला श्वास’: पोस्टची पहिली ओळ कोणती ठेवावी?

पुण्याच्या जुन्या जागांवर, खाण्यावर किंवा एखाद्या उपक्रमावर फेसबुक-इन्स्टाग्रामवर पान चालवणाऱ्यांपुढे हा पेच येतोच. ‘९९% पुणेकरांना हे माहीत नाही’ म्हटलं की लोक थांबतात, पण लिहिताना हात अडखळतो. साधं खरं लिहिलं की मन शांत राहतं, पण पोस्ट अंगठ्याखालून सरकून जाते. यातला एक पर्याय निवडायचा असेल, तर एकाच विषयावर दोन्ही तऱ्हेच्या ओळी लिहून शेजारी ठेवाव्यात.

विषय घेऊ कात्रजच्या पाण्याचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या बांधीव नळातून शहरात पाणी आणलं. ते शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत पोचायचं. पंप नव्हता, होता तो फक्त उतार. यावर पानावर हमखास दिसणारी पहिली ओळ अशी असते:

‘पुण्याच्या पोटात दडलंय २७० वर्षांचं रहस्य! ९९% पुणेकरांना माहीत नाही. शेवटपर्यंत वाचा, थक्क व्हाल!’

आणि तिच्याजागी ठेवता येण्याजोगी ही:

‘कात्रजचं पाणी पंपाशिवाय शनिवारवाड्यात यायचं. पण वाटेत ठिकठिकाणी त्याला श्वास घ्यायला जागा ठेवावी लागली.’

पहिलीची जमेची बाजू आधी मान्य करू. ती लिहायला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि नव्या पानाला सुरुवातीला गर्दी हवी असेल तर ती गर्दी आणतेही. ज्याला फक्त एका दिवसाचा आकडा हवा आहे, त्याला मी आग्रहाने अडवणार नाही. पण तिच्यात दोन वेगळे दोष आहेत आणि ते वेगवेगळे दुरुस्त करावे लागतात. ‘रहस्य’ हा शब्द विषयच लपवतो, तर ‘थक्क व्हाल’ आणि ‘९९%’ हे शब्द गोष्ट फुगवतात. मे २०१७ मध्ये फेसबुकने क्लिकबेट शीर्षकं खाली ढकलण्याचे नियम कडक केले, तेव्हा हेच दोन प्रकार वेगळे काढले होते: माहिती दडवणारी शीर्षकं आणि अतिशयोक्ती करणारी शीर्षकं. त्याच वर्षी डिसेंबरात ‘मित्राला टॅग करा’, ‘हो असेल तर लाइक करा’ या तऱ्हेच्या मागण्यांचीही पाळी आली. म्हणजे जुन्या तऱ्हेची ओळ वाचकाला जेवढी खटकते, तेवढीच ती पोस्ट लोकांसमोर नेणाऱ्या यंत्रणेलाही खटकू शकते.

तरीही माझ्या दृष्टीने तराजू झुकवणारी गोष्ट ही नाही. ती आहे पहिली कमेंट.

पुण्यात लपवाछपवीच्या पोस्टखाली काय होतं, हे पान चालवणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. पाचव्या मिनिटाला एक काका लिहितात, ‘कात्रजचा पेशवेकालीन नळ. वेळ वाचवा.’ त्या कमेंटला पोस्टपेक्षा जास्त लाइक मिळतात, ती सगळ्यांत वर जाऊन बसते आणि पोस्ट तिथेच संपते. पुढे येणारा प्रत्येक वाचक आधी ती कमेंट वाचतो, उत्तर घेतो आणि निघून जातो. तुम्ही खपून लिहिलेले सहा परिच्छेद, नकाशा, फोटो, सगळं वाया जातं. त्या काकांवर रागावण्यात अर्थ नाही. ओळीने वाचकांकडून एक शब्द मागितला होता, तो त्यांनी दिला.

दुसऱ्या ओळीखाली हेच काका काय लिहितील? ‘कात्रजचा नळ’ हे तर ओळीत आधीच सांगून टाकलंय. ‘श्वास’ म्हणजे काय ते सांगायचं, तर त्यांना लिहावं लागेल की लांबच्या बंद नळात पाण्याबरोबर हवाही कोंडते, ती अडकली की प्रवाह अडखळतो, म्हणून वाटेत वर उघडणारे उभे मार्ग ठेवले होते आणि त्यांना उच्छ्वास म्हणत. एवढं लिहिलं तर ती कमेंट पोस्टची भर ठरते. कोणी ‘आमच्या वाड्याजवळ असा एक होता’ असं लिहील, कोणी काळ्या हौदाची किंवा बदामी हौदाची आठवण काढील. माझ्या पाहण्यात अशा ओळीखालच्या गप्पा दुसऱ्या दिवशीही चालू राहतात. मोजमाप म्हणून याला फार किंमत देऊ नका, पण फरक उघड दिसण्याइतका असतो.

यामागचं कारण जुनं आणि अभ्यासलेलं आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ साली कुतूहलाची जी मांडणी केली, तिचा गाभा असा: आपल्याला काही तरी ठाऊक असतं आणि नेमका पुढचा तुकडा ठाऊक नसतो, तेव्हा ती रिकामी जागा टोचते. काहीच ठाऊक नसेल तर जागाच दिसत नाही, मग टोचणार काय? म्हणून ‘रहस्य’ म्हणून सगळं झाकण्यापेक्षा कात्रज, पंप नाही, शनिवारवाडा हे तीन तुकडे हातात देऊन चौथा राखून ठेवणं जास्त टोचतं. प्रामाणिक ओळीत जुन्या ओळीपेक्षा माहिती जास्त असते, हे बऱ्याच जणांना सुरुवातीला पटत नाही. राखून ठेवायचं ते ‘कसं’ किंवा ‘का’. ‘काय’ आणि ‘कुठे’ आधीच देऊन टाकायचं.

आता बदल करायचा कसा. पहिल्या ओळीतले जे शब्द मिसळीच्या पोस्टवरही जसेच्या तसे चालतील, त्यांच्याखाली रेघ ओढा. ‘रहस्य’, ‘९९%’, ‘शेवटपर्यंत वाचा’, ‘थक्क व्हाल’ चारही मिसळीला चालतात, म्हणून चारही काढा. ‘पुण्याच्या पोटात’ आणि ‘२७० वर्षांचं’ एवढंच उरतं आणि तेही पुरेसं नेमकं नाही. मग स्वतःचा मजकूर वाचत खाली जा आणि लिहिताना तुम्हाला जिथे थांबावंसं वाटलं होतं ते वाक्य शोधा. ते सहसा तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात असतं, कारण आधी आपण प्रस्तावना लिहिण्यात रमतो. कात्रजच्या मजकुरात ते उच्छ्वासांचं वाक्य आहे. ते वर आणा, त्यातलं स्पष्टीकरण कापून खालीच राहू द्या आणि शब्द साधे ठेवा. ‘उच्छ्वास’ ही संज्ञा पहिल्या ओळीत टाकली तर ती फक्त जाणकारांना कळते. ‘श्वास घ्यायला जागा’ सगळ्यांना कळतं आणि ते खोटंही नाही.

काढलेल्या शब्दांपैकी दोघांच्या मागे मात्र खरा हेतू असतो, तो सांभाळावा. ‘शेवटपर्यंत वाचा’ म्हणणाऱ्याकडे शेवटी खरंच काही असेल, तर ते काय आहे तेच लिहा: ‘आज यातलं काय पाहता येतं ते शेवटी दिलंय.’ ‘९९%’ म्हणणाऱ्याला सांगायचं असतं की ही गोष्ट रोजच्या नजरेतून सुटते. मग नजर कुठून सुटते ते लिहा, तेही खात्री असेल तरच. अमुक रस्त्याखालून नळ जातो असं अंदाजाने ठोकलं, तर पुढच्या कमेंटमध्ये नकाशा येतो आणि तिथे तुमची बाजू पडते.

लांबीकडेही लक्ष हवं. इन्स्टाग्रामवर कॅप्शन साधारण १२५ कॅरेक्टरांनंतर ‘more’ मागे जातं आणि मराठीत ही मोजणी फसवते. ‘शनिवारवाड्यात’ या शब्दात डोळ्यांना सात अक्षरं दिसतात, पण प्रत्येक काना, वेलांटी आणि पाय मोडल्याची खूण वेगळी मोजली जाते, त्यामुळे यंत्राच्या हिशेबात तो तेरांचा होतो. वरची ‘श्वास’वाली ओळ शंभराच्या किंचित वर भरते, म्हणून ती पुरी दिसायला हवी. तरी पोस्ट करण्याआधी छोट्या पडद्याच्या फोनवर पाहून घ्या, कारण जोडाक्षरं आणि मोठा फॉन्ट यांनी ओळ लवकर तुटते. ‘पण वाटेत’ वर तुटली तर चालेल, ‘पंपाशिवाय’च्या आधी तुटली तर ओळीतला जीवच गेला.

या बाजूलाही खड्डे आहेत, तेही सांगायला हवेत. सगळ्यांत नेहमीचा म्हणजे ओळ पुरी होऊन बसणं. ‘पेशवेकाळात कात्रजहून उताराने शनिवारवाड्यात पाणी येत असे’ हे खरं आहे, नेमकं आहे आणि वाचून झालं की वाचकाला पुढे काही नको असतं. सालापासून सुरुवात केली तर आणखी बिघडतं, कारण पाठ्यपुस्तकाचा वास येतो आणि अंगठा आपोआप सरकतो. साल दुसऱ्या परिच्छेदात छान बसतं.

प्रश्नाची ओळ हा मधला मार्ग बरेच जण सुचवतात. ती वाईट नाही, पण ‘तुम्हाला माहीत आहे का?’ असं विचारलं की पुण्यात उत्तर येतं ‘हो’. ज्या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणून निघून जाता येतं, तो थांबवत नाही. ‘पंप नसताना नळात हवा कोंडली तर पेशव्यांच्या कारागिरांनी काय केलं?’ हा प्रश्न बराच बरा. तरी त्यात वाचकाची परीक्षा घेतल्यासारखं वाटतं, म्हणून मला साधं विधान जवळचं. प्रश्न आठवड्यात एखादा ठीक.

आणखी एक बिघाड हळूहळू लक्षात येतो. ओळ खरी असते, पण मजकूर तिच्याकडे येतच नाही. वर श्वासाची गोष्ट आणि खाली नानासाहेबांची वंशावळ, मग तळाशी उच्छ्वासांवर अर्धं वाक्य. वाचकाच्या लेखी हे क्लिकबेटच, शब्द कितीही सभ्य असोत. वर जे टोचलं त्याचं उत्तर मजकुराच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात यायला हवं. उरलेल्या भागात आधी न सांगितलेलं काही तरी असावं: कात्रजला एकाऐवजी दोन तलाव का होते, वरच्यात गाळ बसल्यावर पाणी खालच्यात कसं घेतलं जायचं. उत्तर मिळाल्यावरही लोक थांबले, तर ते दुसऱ्या गोष्टीसाठी थांबलेले असतात. ‘पुढे आलंच नाही’, ‘मग श्वासाचं काय?’ अशा कमेंट आल्या, तर ओळ तशीच ठेवून मजकुराची मांडणी बदला.

काही पोस्टना दोन्ही नकोत. गुरुवारी कुठल्या पेठांत पाणी बंद आहे हे सांगताना कुतूहल जागवणं म्हणजे लोकांचे हाल करणं. तिथे वार, भाग आणि वेळ पहिल्या ओळीत, बाकी काही नाही.

तुमचा निर्णय अजून होत नसेल, तर पोस्ट टाकण्याआधी त्या काकांची कमेंट स्वतःच कागदावर लिहून पाहा. दोन-तीन शब्दांत उत्तर देऊन मोकळं होता आलं, तर तुमची ओळ अजून लपवतेय. मजकुरात परत जा आणि ज्याचं उत्तर द्यायला त्यांना किमान दोन वाक्यं लागतील असा तुकडा वर आणा.