राईस कुकर ७ महिने वापरून: भात शिजायला कमी वीज लागते, पण ५ तास गरम ठेवायला जवळपास तेवढीच जाते

७ महिने झाले राईस कुकर वापरतोय, बहुतेक रोज. घेताना एकच शंका होती की ७०० वॅटचं यंत्र म्हणजे वीज खाणार, म्हणून प्लगला लावायचा छोटा मीटर आणला आणि मोजायलाच बसलो.

माझं माप ठरलेलं, ३०० ग्रॅम तांदूळ आणि ६०० ग्रॅम पाणी. खटका पडायला साधारण २२ मिनिटं लागतात. ७०० गुणिले २२ भागिले ६० केलं की २५७ वॅट-तास, म्हणजे पाव युनिटच्या जरा वर, आणि मीटरवरही पाव युनिटच्या आसपासच आकडा येतो. हिशेब इतका जुळतो कारण पाणी संपेपर्यंत कॉइल पूर्ण चालू असते, मध्ये बंद होत नाही. एअर फ्रायरला हे गणित लावू नका, तो तापला की थर्मोस्टॅट कॉइल बंद-चालू करत राहतो, त्यामुळे १५०० वॅट गुणिले २० मिनिटं केलं तर अर्धा युनिट येतो पण खरा खर्च त्याहून कमी असतो, तिथे मीटरच हवा.

गॅसचं मोजायला छोटा सिलेंडर वजनकाट्यावर ठेवला. एका वेळेचा फरक इतका कमी की भरवसा नाही, म्हणून तेवढाच भात झाकण ठेवून १० वेळा केला आणि एकूण ३८० ग्रॅम गॅस गेला. म्हणजे एका वेळेला ३८ ग्रॅम. १ किलो गॅसमध्ये सुमारे १२.७ युनिटची उष्णता असते, त्या हिशेबाने हे जवळजवळ अर्धा युनिट झालं. कुकरच्या दुप्पट, कारण ज्योतीची बरीच उष्णता भांड्याच्या कडेने हवेतच जाते. ज्योत तळाच्या बाहेर आलेली दिसली की समजायचं, गॅस वाया चाललाय.

आता खरी गोम. खटका पडला की कुकर वॉर्मवर जातो आणि माझा तिथे ४० वॅट घेतो. मी सुरुवातीला सकाळी लावून दुपारपर्यंत तसाच ठेवायचो, ५ तासांत ०.२ युनिट, म्हणजे शिजवायला लागते जवळपास तेवढीच वीज नुसती गरम ठेवायला! आता खटका पडला की १० मिनिटांनी प्लगच काढतो, झाकण उघडत नाही, भात तासभर तरी छान गरम राहतो.

स्वस्त काय पडतं ते तुमच्या दरावर आहे. १ किलो गॅसमध्ये माझे २६ वेळचे भात होतात, तेवढेच कुकरमध्ये साडेसहा युनिटमध्ये. तर १ किलो गॅसचा दर एका युनिटच्या साडेसहा पटीहून जास्त असेल तर कुकर स्वस्त, पण रोज ५ तास वॉर्मवर ठेवलात तर हाच आकडा १२ पटीवर जातो. आणि हे सगळं घरातल्या मीटरपुरतं, कोळशाच्या वीजकेंद्रात साधारण दोन तृतीयांश उष्णता वीज बनतानाच जाते ते यात धरलेलं नाही, त्यामुळे इंधन वाचवायचं म्हणून घेणार असाल तर तुमची वीज कशापासून बनते ते आधी बघा.