पावसाळा आणि हाय प्रोटीन डाएट: मोड कच्चे खायचे की शिजवून, आणि बाहेर काय चालेल

जून लागला की जिमवाल्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला, रोज सकाळी वाटीभर कच्चे मोड आणि दुपारी सॅलड असं चालू आहे, पावसात चालू ठेवू का बंद करू? माझ्या मते प्रोटीन बंद करायचं काही कारण नाही, फक्त कच्चं बंद करायचं.

आधी मोडांचंच बघू कारण खरी गोची तिथेच आहे. मोड यायला जे लागतं, म्हणजे ओल, ऊब आणि दीडेक दिवस, तेच सगळं साल्मोनेला आणि ई. कोलायला पण लागतं, आणि हे जंतू बऱ्याचदा दाण्यावरच, सालीच्या बारीक भेगेत बसून आलेले असतात त्यामुळे कितीही धुवा, मीठ घाला, लिंबू पिळा, ते काही जात नाहीत. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली, जवळपास चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासच्या आसपास गेले, शोध घेतल्यावर संशय जाऊन थांबला मेथीच्या मोडांवर. तिथे ना आपला पावसाळा ना आपली नळाची पाईपलाईन, तरी हे झालं. वास आला किंवा मोड बुळबुळीत झाले तर फेकून द्याच, पण वास नाही म्हणजे चांगले असं मात्र समजू नका, हे जंतू वास न मारता पण असतात.

आता कच्चे विरुद्ध शिजवलेले. पन्नास ग्रॅम कोरड्या मुगात साधारण 12 ग्रॅम प्रोटीन असतं, मोड आणले की वजन वाढतं पण ते पाण्याचं, प्रोटीन तेवढंच राहतं आणि शिजवल्यावरही ते कुठे उडून जात नाही. उलट कडधान्यात प्रोटीन पचू न देणारे काही घटक असतात ते शिजवल्यावर कमी होतात, म्हणजे पोटात गुबारा धरणाऱ्यांना फायदाच. जातं काय तर थोडं सी व्हिटॅमिन, ते वरून लिंबू पिळून घ्या की! नुसतं गरम पाण्यातून काढणं पुरत नाही, मूग झाकण ठेवून चांगले वाफ येईपर्यंत सात-आठ मिनिटं, मटकी जास्त वेळ, किंवा सरळ कुकरची एक शिट्टी. उरलेलं पाणी ओतून देऊ नका, हिंग-जिऱ्याची फोडणी दिली की कढण तयार.

सॅलडमध्ये मला सगळं एका मापात मोजणं पटत नाही. काकडी, गाजर, बीट घरी वाहत्या पाण्यात धुऊन, सोलून, जेवायच्या आधी चिरलं तर ठीक आहे. लेट्यूस, पालक, कच्चा कोबी यांच्या पानापानात माती-पाणी अडकतं, ती आता शिजवूनच खा. आणि आयतं चिरून मिळणारं सॅलड सगळ्यात वाईट, कोणी, कशाने, कुठल्या पाण्याने चिरलं आणि किती वेळ बाहेर होतं काहीच कळत नाही.

ऑफिसला डबा नेणाऱ्यांची अडचण वेगळी. समजा एका जेवणात पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रोटीन पाहिजे, तर वरची 50 ग्रॅम मुगाची उसळ म्हणजे 12 आणि दोन उकडलेली अंडी म्हणजे अजून 12, झालं. पण सकाळी आठला भरलेला डबा एकला उघडणार म्हणजे पाच तास दमट हवेत, तेवढ्यात शिजवलेलं पण बिघडू शकतं. म्हणून उसळ उकळती असताना थर्मासमध्ये भरा (आधी त्यात गरम पाणी फिरवून), अंडी सालीसकट न्या आणि ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर अंड्यांऐवजी भाजलेले चणे, मूठभर शेंगदाणे, ते कोरडे असल्याने बिनधास्त. शेकर मात्र रोज साबणाने घासा आणि कोरडा ठेवा, व्हे प्रोटीन भिजलं की दुधासारखंच नासतं, आणि जिमच्या कूलरचं पाणी फिल्टरचं आहे का ते बघूनच घाला.

बाहेरचं खायचंच झालं तर पदार्थ बघण्यापेक्षा शेवटी त्यावर काय पडतं ते बघा. मिसळीचा उकळता रस्सा चालेल, पण वरचा चिरून ठेवलेला कांदा नको सांगा. ऑम्लेट समोर करून घ्या, हिरवी चटणी नको कारण तिच्यात कच्ची कोथिंबीर आणि तिथलं पाणी. तंदुरी चिकन आतपर्यंत शिजलेलं, वाफाळतं असेल तर चांगलं, पण सकाळी भाजून ठेवलेलं नुसतं गरम करून देत असतील तर सोडा. स्प्राउट भेळ, उघड्यावरचं पनीर सॅलड, बर्फ घातलेली लस्सी हे हेल्दी दिसतं पण यापेक्षा गरम वडा परवडला, प्रोटीन नसेना का त्यात. आणि एवढं करूनही जुलाब लागलेच तर त्या दिवशी प्रोटीनचा हिशोब सोडून ओआरएस पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात करून घोट घोट प्या, रक्त पडलं, ताप चढला किंवा लघवी कमी झाली तर थेट डॉक्टरकडे.