किमान-कमाल की हिस्टोग्राम: वळणबिंदू कुठे ठेवायचे?

कॉन्ट्रास्ट ताणताना प्रतिमेतली प्रत्येक जुनी पातळी एका तुटक रेषेने नव्या पातळीवर नेतात; त्या रेषेचा उतार जिथे बदलतो ते वळणबिंदू. ते किमान-कमाल पातळीवर ठेवावेत की हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या पातळीवर किती पिक्सेल आहेत याचा आलेख बघून, हा घोळ एका मित्राचा झाला होता. ० ते ७ पातळ्यांची ४×४ प्रतिमा घेऊ:

```
3 3 2 4
3 0 3 4
2 3 4 5
7 4 2 3
```

किमान-कमाल पद्धतीला डोकं लागत नाही, पण इथे किमान ० आणि कमाल ७ आहे. म्हणजे ताणून काहीच बदलत नाही! एक काळा आणि एक पांढरा ठिपका सगळ्या चित्राला वेठीस धरतो.

हिस्टोग्राममध्ये २, ३, ४ या पातळ्यांवर अनुक्रमे ३, ६, ४ पिक्सेल आहेत, म्हणजे १६ पैकी १३. म्हणून या टेकडीच्या पायथ्यांशी (2,1) आणि (4,6) हे बिंदू ठेवले; पहिला आकडा जुनी पातळी r, दुसरा नवी पातळी s. मधला उतार २.५, सूत्र `s = 1 + 2.5(r − 2)`. ३ चे ३.५, पूर्णांकात ४:

```
4 4 1 6
4 0 4 6
1 4 6 6
7 6 1 4
```

फरक लगेच दिसतो. पण फुकट नाही: ४ ते ७ या शेवटच्या तुकड्याचा उतार फक्त १/३, त्यामुळे ५ चे ६.३३, म्हणजे ६. मूळचे ४ आणि ५ एक झाले, ते परत वेगळे होणार नाहीत. शिवाय मधल्या पट्ट्यातला नॉइजही अडीचपट होतो.

भरकटलेले ठिपके नसतील किंवा शेकडो फोटो न बघता काढायचे असतील, तर किमान-कमाल पुरे. एकच महत्त्वाचं चित्र असेल आणि हवा तो भाग एका टेकडीत दाटला असेल, तर हिस्टोग्राम उघडाच. मोजमापासाठी मात्र मूळ प्रत जपून ठेवा.