पुलाच्या डिझाइन फर्मला अर्ज: सगळी कामं की एकच पिअर कॅप?

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारा माझा भाचा चार वर्षं पुलांच्या साइटवर आहे. आता त्याला डिझाइनला जायचंय. परवा दोन कव्हर लेटर घेऊन आला, "मामा, कुठलं पाठवू?"

पहिल्यात पाइलिंग, गर्डर लाँचिंग, बिलं, सगळंच. तासाभरात लिहून झालं. पण हे बायोडेटात आहेच, आणि त्याला डिझाइन कळतं का, हे त्यातून समजत नाही.

दुसऱ्यात एकच प्रसंग. पुलाच्या खांबावरच्या पिअर कॅपमध्ये ३२ मिमीच्या सळ्या १०० मिमी अंतरावर, म्हणजे मधली मोकळी जागा ६८. सळ्या जोडायचा लॅप आला तिथे शेजारी आणखी एक सळी, उरले ३६. काँक्रीट बसवायची ४० मिमीची व्हायब्रेटरची नीडल आत जाईना. शटरिंग काढल्यावर नेमकं तिथेच हनीकॉम्ब, म्हणजे काँक्रीटमध्ये पोकळ्या. पुढच्या कॅपला डिझायनरची मंजुरी घेऊन लॅपऐवजी सळ्यांची टोकं जोडणारे कपलर लावले, तेही एका रेषेत न ठेवता.

हे लिहायला त्याला दोन रात्री लागल्या, जुनी ड्रॉइंगं शोधावी लागली. मुलाखतीत मात्र प्रश्न इथूनच निघतील. फक्त "डिझायनरची चूक" हे वाक्य मी खोडायला लावलं. वाचणारा डिझायनरच असणार! शिवाय सॉफ्टवेअरचा सराव शिकण्यापुरताच आहे, हेही एका ओळीत टाकायला सांगितलं. मुलाखतीत ते उघडं पडतंच.

ठेकेदाराकडे किंवा देखरेखीच्या नोकरीला पहिलं पत्र चालेल, तिथे कामाचा आवाकाच बघतात. डिझाइन फर्मला दुसरंच. असा प्रसंग स्वतः हाताळलेला नसेल, तर पहिलंच आटोपशीर करून पाठवावं.