टीव्हीवर क्लाउड गेमिंग, आठ महिन्यांनंतर: लाइनवाल्याशी भांडलो ते फुकट

देवगडला घर, शंभर एमबीपीएसची फायबर लाइन आणि दोन हजारांचा ब्लूटूथ कंट्रोलर. क्लाउड गेमिंगमध्ये गेम चालतो कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर, टीव्हीवर इंटरनेटवरून नुसतं चित्र येतं. कन्सोलचे पैसे वाचले म्हणून पहिला आठवडा मी हवेत होतो. मग गाड्यांच्या शर्यतीत ब्रेक दाबला की गाडी वळण सोडून कठड्यावर आदळल्यावरच ब्रेक लागायला लागला.

स्पीड टेस्टमध्ये मात्र ९५ दिसायचे. १०८०पीला २५ एमबीपीएस पुरतात, म्हणजे मला जवळजवळ चौपट मिळत होते. तरी तीन महिन्यांत लाइनवाल्याला चार वेळा बोलावलं. चौथ्यांदा तो वैतागून म्हणाला, "लाइन बरी आसा. तुमच्या घरातच काय ता बघा." मला राग आला आणि मी पाच वाईट शब्दांचा रिव्ह्यू लिहून मोकळा झालो.

तो रिव्ह्यू आता मी काढलाय. लॅपटॉप टीव्हीशेजारी ठेवून, त्याच वायफायवरून आधी घरातल्याच राउटरला पिंग केलं, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजलं:

```
ping 192.168.1.1
```

इथे दोन-तीन मिलिसेकंद यायला हवेत. माझे ४, ९, १३०, ६, ८५ असे उड्या मारत होते. म्हणजे सिग्नल घराबाहेर पडायच्या आधीच अडखळत होता. राउटर पुढच्या पडवीत, टीव्ही माजघरात, मध्ये दोन जाड चिऱ्यांच्या भिंती. वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा तिथे पोचतच नाही, म्हणून टीव्ही २.४ च्या पट्ट्यावर होता, आणि ब्लूटूथ कंट्रोलरही त्याच पट्ट्यात बोलतो. दोघांची एकमेकांत ढकलाढकली. स्पीड टेस्ट सरासरी दाखवते, हे झटके नाही. सिनेमा आधीच थोडा साठवून ठेवतो म्हणून अडकत नाही. गेमला तशी सवड नसते.

मेश राउटरचे पाच हजार सांगितले. मी साडेतीनशेची पंधरा मीटर लॅन केबल कौलाखालच्या वाशांवरून ओढली. टीव्हीचं पोर्ट शंभर एमबीपीएसचंच आहे, पण पुरतं. राउटरचा पिंग एकवर आला आणि गेमच्या आकडेपट्टीत सर्व्हरपर्यंतचा पिंग ३० च्या आसपास स्थिरावला. ४० च्या खाली असेल तर मजा येते, ८० च्या वर गेला की शर्यत विसरा.

तरीही ब्रेक किंचित उशिरा लागत होता! शेवटचा चोर टीव्ही स्वतःच. चित्र सुंदर करायच्या नादात तो प्रत्येक फ्रेम रोखून धरतो, आणि हा उशीर पिंगमध्ये दिसतच नाही. हा उशीर कमी करणारा गेम मोड मी एचडीएमआयला लावला होता, पण मी खेळतो टीव्हीतल्याच अ‍ॅपवर, तिथे तो वेगळा चालू करावा लागला.

एक मात्र तसंच राहिलंय. मुलगी फोनमधले व्हिडिओ अपलोड करायला लागली की पिंग दीडशेवर जातो. आणि तासाला अकरा जीबी जातात, त्यामुळे लाइन पडली तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळायचं मी नावच घेत नाही. पावसात आमच्याकडे लाइन पडतेच.