एका पैशाने अडलेला चेकआउट: बग कळवण्याच्या पद्धतीचा वापरानंतरचा अनुभव

बेळगावहून कुंदा पाठवणाऱ्या ऑनलाइन दुकानासाठी आमची टीम काही महिने बग एकाच साच्यात कळवते आहे: पायऱ्या, अपेक्षित निकाल, प्रत्यक्ष निकाल, लॉग. आता "चेकआउट होत नाही, बघ जरा" एवढाच मेसेज कोणी टाकत नाही. साच्याचा खरा कस लागला तो पुढच्या बगमध्ये.

सहकाऱ्याला पाठवलेल्या पायऱ्या अशा: कार्टमध्ये करापूर्वी २४९ रुपयांचा एकच डबा घे. आधी चंदगडचा पत्ता निवड, पिन 416509. कराची रक्कम दिसली की पान रिफ्रेश न करता बेळगावचा पत्ता निवड, पिन 590001. मग पैसे भरायचं बटण दाब.

अपेक्षित निकाल: सीजीएसटी ६.२३, एसजीएसटी ६.२३, एकूण २६१.४६ रुपये आणि पेमेंटचं पान. प्रत्यक्षात पडद्यावर आयजीएसटी १२.४५ तसाच राहतो आणि "काहीतरी चुकलं" एवढंच येतं. लॉगमधल्या रकमा पैशांत आहेत:

```
req=7f3a POST /checkout pin=590001 client_total=26145
req=7f3a tax state=29 cgst=623 sgst=623 total=26146
req=7f3a 422 AMOUNT_MISMATCH diff=1
```

चंदगड महाराष्ट्रात, दुकान कर्नाटकात. म्हणून तिथे ५ टक्के आयजीएसटी एकत्र लागतो, १२.४५. बेळगावला तोच कर अडीच-अडीच टक्क्यांत विभागतो. प्रत्येक भाग ६.२२५ येतो, दोन्ही वर पूर्णांकित होतात आणि बेरीज १२.४६ होते. पत्ता बदलल्यावर ब्राउझर कर पुन्हा मोजत नाही, सर्व्हर मोजतो. फरक एका पैशाचा, पण ऑर्डर अडते.

पायऱ्यांत "एकच डबा" लिहिणं इथेच कामाला आलं. दोन डबे घेतले तर अर्धा कर नेमका १२.४५ येतो, दोन्हीकडची बेरीज २४.९० जुळते आणि ऑर्डर निघून जाते. नग आणि किंमत लिहिली नसती, तर सहकाऱ्याने दोन डब्यांवर तपासून "माझ्याकडे चालतंय" म्हणत बग बंद केला असता. दोन डब्यांच्या त्या ऑर्डरमध्येही पडद्यावर कराचं नाव चुकीचंच असतं, ते वेगळं.

अपेक्षित निकाल आकड्यांत लिहिण्याचा फायदाही मोठा. "ऑर्डर व्हायला हवी" एवढंच लिहिलं असतं, तर एका पैशाचा फरक चालवून घेण्याची सोपी दुरुस्ती झाली असती. ऑर्डर गेली असती, पण गिऱ्हाईकाला कर्नाटकातल्या विक्रीवर आयजीएसटी दिसत राहिला असता. खरी दुरुस्ती म्हणजे पत्ता बदलताच कर नव्याने मागवणं.

साच्याची एक उणीव जाणवते. लॉगच्या रकान्यात लोक सगळी फाइल ओततात आणि गिऱ्हाईकाचा फोन नंबरही त्यात येतो. एकाच `req` च्या ओळी पुरतात. पत्त्यातला फक्त पिन ठेवावा, बाकी खोडावं.