गणिताच्या शिकवणीचा मासिक ईमेल: सहामाहीपासून पूर्वपरीक्षेपर्यंतचा अनुभव

माझी मुलगी उदगीरला राज्य मंडळाच्या दहावीत शिकते आणि मी नोकरीनिमित्त किनवटला असतो. तिच्या गणिताच्या शिकवणीचे सर दर महिन्याच्या शेवटी आम्हा दोघा पालकांना एक ईमेल पाठवतात. त्यात सध्याची सरासरी, गाठता येण्याजोगे लक्ष्य आणि ते गुण कोठून येतील याचा आराखडा असतो. सहामाहीनंतर ते याच स्वरूपात येऊ लागले, आणि आता पूर्वपरीक्षेचा निकाल हाती आल्यावर त्यांचा प्रत्यक्ष उपयोग किती झाला, हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात सरासरीपासून करतो, कारण बहुतेक प्रगतिपत्रके येथेच फसवतात. मागील वर्षी मुलगी ज्या क्लासला जात होती, तेथून येणाऱ्या संदेशात घटक चाचण्या आणि मोठी परीक्षा यांच्या टक्केवारीची सरळ सरासरी दिलेली असे. समजा, वीस गुणांच्या दोन चाचण्यांत 17 आणि 16 गुण मिळाले आणि ऐंशी गुणांच्या परीक्षेत 42 मिळाले, तर त्या पद्धतीने सरासरी 72.5 टक्के येते. प्रत्यक्षात मात्र 120 पैकी 75, म्हणजे 62.5 टक्केच गुण मिळालेले असतात. त्यातही चाचणी एकाच प्रकरणावर, नुकतेच शिकवून झाल्यावर घेतलेली असते, त्यामुळे हा दुसरा आकडासुद्धा मोठ्या परीक्षेच्या मानाने वाढीवच ठरतो.

आताच्या ईमेलमध्ये सर फक्त ऐंशी गुणांचे लेखी पेपर धरतात, म्हणजे बीजगणिताचे 40 आणि भूमितीचे 40. शाळेकडून मिळणारे अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण ते वेगळ्या ओळीत लिहितात. दिवाळीपूर्वीच्या पत्रात सहामाही आणि सराव परीक्षा मिळून लेखी सरासरी 80 पैकी 44 होती आणि अंतर्गत गुण 18 धरले होते. एकत्र पाहिले तर 62 हा आकडा बरा वाटतो. 44 वेगळा दिसल्यावरच अडचण नेमकी कोठे आहे, हे आम्हाला कळले.

त्या पत्रातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे गमावलेल्या 36 गुणांची फोड. सरांनी उत्तरपत्रिका पुन्हा तपासून सुमारे 12 गुण पायऱ्या, एकके आणि आकडेमोडीत गेले, 8 गुण येत असलेली उदाहरणे वेळेअभावी राहिल्यामुळे गेले आणि 16 गुण न आलेल्या भागात गेले, असे लिहिले होते. सोबत दोन उत्तरांची छायाचित्रे होती. एका उत्तरात वर्गसमीकरणावरील शाब्दिक उदाहरण मुलीने बरोबर सोडवून दोन मुळे काढली होती, परंतु वय ऋण असू शकत नाही म्हणून एक मूळ ग्राह्य नाही, हे वाक्य आणि शेवटचे उत्तर तिने लिहिलेच नव्हते. दुसऱ्यात वृत्तचितीच्या वक्रपृष्ठफळाचे उत्तर अचूक होते, पण चौरस सेंटिमीटरऐवजी नुसते सेंटिमीटर लिहिले होते. “अभ्यास कर” असे दहा वेळा सांगून जे साधले नसते, ते ही दोन छायाचित्रे तिच्यासोबत पाहिल्याने साधले.

लक्ष्य 58 गुणांचे ठरले. पहिल्या दोन गटांतील 20 गुणांपैकी 14 परत मिळवता येतील आणि न येणाऱ्या 16 गुणांवर तूर्त भिस्त ठेवायची नाही, असा त्यामागचा हिशेब होता. माझ्या मनात नव्वदी होती, हे सरांना ठाऊक होते. तरीही त्यांनी अंतर्गत 18 धरून 76 हाच आकडा लिहिला आणि त्याची कारणे दिली.

गुणांचा आराखडा प्रकरणांनुसार नव्हता, प्रश्नपत्रिकेच्या रचनेनुसार होता. दोन्ही पेपर मिळून पहिल्या प्रश्नाला 16, दुसऱ्याला 24, तिसऱ्याला 18, चौथ्याला 16 आणि पाचव्याला 6 गुण असतात. मुलीला त्यांत अनुक्रमे 11, 16, 9, 6 आणि 2 गुण मिळत होते. लक्ष्यात ते 14, 21, 13, 8 आणि 2 असे मांडले होते. सर्वाधिक वाढ दुसऱ्या प्रश्नात धरली होती, कारण तेथील उदाहरणे दोन गुणांची आणि सरळ असतात, शिवाय कृती पूर्ण करण्याच्या प्रश्नात उत्तराची वाट आधीच दाखवलेली असते. मुलगी पेपर हातात आला की चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करीत असे आणि दोन तासांतला मोठा वेळ त्यातच घालवत असे. तो क्रम बदलण्याची सूचनाही आराखड्यातच होती. पाचव्या प्रश्नातून वाढ अपेक्षित नसल्याने तो शेवटी ठेवला, आणि त्यामुळे तिच्यावरचे बरेच दडपण कमी झाले.

नोव्हेंबरच्या ईमेलमधील एका परिच्छेदाचा येथे मुद्दाम उल्लेख करतो. दहावीची टक्केवारी सहांपैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर निघते. मुलीचे गणित 62 वर राहिले तर तोच विषय वगळला जाईल. ते 76 झाले तर सामाजिक शास्त्रांचे 70 गुण वगळले जातील, म्हणजे एकूण 500 मध्ये वाढ 6 गुणांची आणि टक्केवारीत 1.2 ची. चौदा गुणांच्या मेहनतीचे एवढेच फळ दिसणार असेल, तर ती मेहनत घ्यायची की नाही, हे पालकांनी विचारपूर्वक ठरवावे, असे सरांनी स्वतःहून लिहिले. तिला अकरावीला लातूरमध्ये विज्ञान शाखेत गणित घ्यायचे आहे, म्हणून आम्ही पुढे जायचे ठरवले. तसे नसते तर हाच वेळ दुसऱ्या विषयाला देणे शहाणपणाचे झाले असते. शिकवणीचे शुल्क घेणारा शिक्षक हे लिहून देतो, याचे मला फार मोल वाटते.

पूर्वपरीक्षेत तिला 53 गुण मिळाले: पहिल्या प्रश्नात 14, दुसऱ्यात 20, तिसऱ्यात 11, आणि चौथ्या-पाचव्यात पूर्वीइतकेच 6 आणि 2. जानेवारीच्या ईमेलमध्ये सरांनी 44 आणि 53 यांची सरासरी काढली नाही. आधीचे पेपर शिकवून झालेल्या भागावर होते आणि हा संपूर्ण अभ्यासक्रमावर, त्यामुळे दोन्ही एका मापाने मोजता येत नाहीत, असे त्यांनी नमूद केले. लक्ष्य 58 वरून 56 वर आणले, आणि उरलेले तीन गुण तिसऱ्या प्रश्नात, विशेषतः समरूपता आणि वर्तुळ यांवरील सिद्धतांत कारणे पूर्ण लिहिण्यातून मिळवायचे, असे ठरले.

दोन उणिवा सांगितल्याच पाहिजेत. आराखड्यात कोणत्या आठवड्यात काय करायचे आणि घरी किती वेळ द्यायचा, हे नसते. तिच्या आईने वहीत वेगळे वेळापत्रक आखले, तेव्हा कुठे तो अमलात आला. दुसरे म्हणजे, पत्र पालकांच्या नावे असल्याने त्यातील “न आलेला भाग” हा शब्दप्रयोग मुलीने आपल्यावरचा शेरा म्हणून वाचला आणि ती दोन दिवस गप्प होती. आम्ही ते सरांना कळवल्यावर डिसेंबरपासून तेथे प्रकरण आणि उदाहरणसंग्रहाचा क्रमांक येऊ लागला. साप्ताहिक वेळापत्रकाची विनंतीही केली आहे. बोर्डाच्या परीक्षेपर्यंतच्या आठवड्यांसाठी ते देण्याचे सरांनी मान्य केले आहे.